वसतिगृह: खोलीवाटप, खोलीबदल, पाहुणे आणि अनामत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृह कार्यालयात जून ते ऑक्टोबर या काळात जे प्रश्न खिडकीवर येतात, त्यांची ही उत्तरे. रकमा आणि मुदती आमच्याकडच्या आहेत. दुसऱ्या महाविद्यालयात त्या वेगळ्या असतील, म्हणून तिथले माहितीपत्रक पाहावेच.

कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेलही मिळालेच ना?

नाही. हे दोन वेगळे अर्ज आहेत. कॅप फेरीतून जागा मिळाली, कॉलेजात हजर होऊन फी भरली, की मग वसतिगृहाचा अर्ज भरायचा. अर्ज न भरता सामानासकट येणारी दोन-चार कुटुंबे दरवर्षी असतात आणि त्यांना परत पाठवताना आम्हालाही बरे वाटत नाही. प्रवेशाच्या दिवशीच अर्ज भरून पोच घ्या.

यादी नेमकी लागते कशी? आधी येईल त्याला आधी, असे असते का?

मुदतीच्या आत आलेला पहिला अर्ज आणि शेवटचा अर्ज यांत काही फरक केला जात नाही. रात्री बारा वाजता संकेतस्थळ उघडून बसण्याची गरज नाही.

मुलांच्या वसतिगृहातले उदाहरण घेऊ. प्रथम वर्षासाठी ६० जागा आहेत. त्यांतल्या ३ जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आधीच बाजूला निघतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणातील प्रवेशात किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत, तेच प्रमाण आम्ही खोल्यांनाही लावतो आणि या जागा तळमजल्यावरच देतो. अनाथ प्रमाणपत्र असलेल्यांसाठी शासनाचे १ टक्का आरक्षण आहे. साठाचा एक टक्का काढला तर एक पूर्ण जागाही होत नाही, म्हणून आम्ही सरळ एक जागा धरतो. राहिल्या ५६. त्या प्रवेशातल्याच प्रमाणात प्रवर्गनिहाय वाटल्या जातात: अनुसूचित जाती १३ टक्के म्हणजे ७, अनुसूचित जमाती ७ टक्के म्हणजे ४, इतर मागास वर्ग १९ टक्के म्हणजे ११, आणि असेच पुढे. प्रत्येक प्रवर्गात क्रम लागतो तो राज्य गुणवत्ता क्रमांकाने. तुमची शाखा कोणती, याला इथे महत्त्व नाही.

मुलींच्या वसतिगृहाची यादी वेगळी लागते, पद्धत हीच.

मग घराचे अंतर कुठे मोजले जाते?

अंतर ही फक्त चाळणी आहे. घर ३० किलोमीटरच्या आत असेल, तर पहिल्या यादीत नाव येत नाही. त्यापलीकडे मात्र चाळीस किलोमीटरवाला आणि चारशे किलोमीटरवाला सारखेच. तिथून पुढे गुणवत्ता. हे पालकांना अन्यायाचे वाटते आणि दर वर्षी कोणीतरी वाद घालते. गडचिरोलीच्या मुलाला रोज ये-जा करणे शक्य नाही हे खरेच आहे, पण साठ किलोमीटरवरून दोन एसट्या बदलून येणाऱ्यालाही ते शक्य नसते. अंतराला गुण दिले, तर मग कोणता रस्ता धरायचा यावरच भांडणे होतात.

माझे नाव "स्थानिक" म्हणून वगळले. मी तर नंदुरबारचा आहे.

याचे कारण बहुधा आधार कार्डावरचा पत्ता. अकरावी-बारावीला मुलगा शहरात काकांकडे राहतो, सिमकार्ड किंवा बँक खात्यासाठी आधारवर काकांचा पत्ता चढवतो आणि विसरून जातो. आमच्या अर्जात पत्ता आधारवरूनच घेतला जातो, त्यामुळे अक्कलकुव्याचा मुलगा कागदावर शहरवासी ठरतो.

तात्पुरती यादी लागल्यावर हरकतीसाठी तीन दिवस असतात. त्या मुदतीत आई-वडिलांचे रेशनकार्ड (ज्यात तुमचेही नाव आहे) आणि तलाठी किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला जोडून लेखी हरकत द्या. मुदतीत आलेली अशी हरकत आम्ही जवळजवळ नेहमी मान्य करतो. अंतिम यादी लागल्यावर मात्र कुणाला तरी काढल्याशिवाय तुम्हाला घेता येत नाही.

प्रतीक्षा यादीत माझा चौदावा नंबर आहे. आशा धरू का?

सामान्यपणे, हो. पहिली यादी लागते तेव्हा कॅपच्या फेऱ्या चालूच असतात. आज आमच्याकडे हजर झालेली मुले पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचे कॉलेज मिळाले की निघून जातात आणि त्यांची खोली रिकामी होते. म्हणून दुसरी यादी आम्ही शेवटच्या फेरीनंतरच लावतो. चौदावा नंबर एकूण यादीतला की तुमच्या प्रवर्गातला, हे मात्र नीट पाहा. जागा रिकामी होते ती आधी त्याच प्रवर्गातल्या पुढच्या नावाला जाते. प्रवर्गात कोणी उरले नाही, तरच ती सर्वांसाठी खुली होते.

तोपर्यंत बाहेर खोली घ्यायची झाली, तर अकरा महिन्यांचा करार करू नका. महिन्याच्या बोलीवर कॉट बेसिसची जागा पाहा.

आम्ही डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलो. आमच्यासाठी काय?

थेट द्वितीय वर्षाचे प्रवेश उशिरा होतात आणि तोवर खोल्या भरलेल्या असतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या जागांतल्या काही आम्ही या मुलांसाठी कुलूप लावून राखून ठेवतो. ऑगस्टमध्ये "ती खोली रिकामी आहे, मला का देत नाही" असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

दुसऱ्या वर्षी खोली आपोआप पुढे चालू राहते का?

नाही. अर्ज पुन्हा भरावा लागतो आणि या वेळी क्रम मागच्या वर्षाच्या निकालावर लागतो. इयर डाउन झालेल्याची जागा जाते. एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, म्हणून जागा जात नाही, पण क्रम खाली सरकतो. मेसची थकबाकी असेल, तर अर्जच पुढे जात नाही.

जागा मिळालीच नाही, तर दुसरा काही आधार?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी समाजकल्याण विभागाच्या स्वाधार योजनेची, आदिवासी विद्यार्थ्यांनी स्वयम् योजनेची चौकशी करावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना बाहेर राहण्या-जेवण्यासाठी या योजनांतून रक्कम मिळते. अटी आणि मुदत जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातच विचारा. कॉलेजच्या खिडकीवर मिळणारे उत्तर बरेचदा ऐकीव असते.

खोलीचा ताबा घेताना जो कागद भरून घेता, तो कशासाठी?

या पानावरचे एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा. त्या कागदाला आम्ही ताबा पावती म्हणतो. कॉट, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, रेग्युलेटर, ट्यूबलाइट, खिडकीच्या काचा, कडीकोयंडा अशी छापील यादी असते आणि पुढे "स्थिती" असा रिकामा रकाना असतो. नव्वद टक्के मुले सगळ्या रकान्यांत "ठीक" लिहून सही ठोकतात, कारण खाली रिक्षावाला थांबलेला असतो.

वर्षअखेरीला खोली परत घेताना आम्ही याच कागदाशी ताडून पाहतो. कपाटाचे कुलूप तुम्ही येण्याआधीच तुटलेले असेल, पण कागदावर "ठीक" असेल, तर ते तुमच्या नावावर तुटलेले असते. म्हणून पंखा पाचही नंबरांवर फिरवून पाहा. कपाटाची किल्ली लावून दोनदा उघडा. काचांना तडे आहेत का, दाराची खालची कडी बसते का, पावसाची ओल कुठे आहे, हे पाहून त्या रकान्यात शब्दांत लिहा: "उजव्या खिडकीची खालची काच तडकलेली". मग मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. पहिल्या दिवशी जमले नाही, तर सात दिवसांत पुरवणी नोंद देता येते. आठव्या दिवशी आलेली तक्रार आम्ही दुरुस्तीसाठी घेतो, पण ती नुकसान तुमचे नव्हते याचा पुरावा ठरत नाही.

खोली बदलून हवी आहे. कधी आणि कशी मागायची?

पहिले ३० दिवस खोलीबदल बंद असतो. कारण साधे आहे: याद्या हलत असतात आणि आज दिलेली खोली उद्या दुसऱ्या यादीतल्या मुलाला लागणार असते. त्यानंतर प्रत्येक सत्रात एक आठवडा अर्ज घेतले जातात. रिकाम्या जागेवर जायचे असेल, तर एक अर्ज. दोघांना आपसात अदलाबदल करायची असेल, तर दोघांच्या सह्यांचा एकच अर्ज, आणि दोन्ही खोल्यांतल्या बाकीच्या रूममेट्सची "हरकत नाही" अशी सही. ही शेवटची अट मुलांना जाचक वाटते. पण तिसऱ्याला न विचारता त्याच्या खोलीत नवा माणूस आणून बसवला, की पुढच्याच आठवड्यात तो तिसरा अर्ज घेऊन खिडकीवर उभा राहतो.

वैद्यकीय कारणाला आठवड्याची अट नाही. पाय मोडला असेल, दम्याचा त्रास असेल, तर जिल्हा रुग्णालयाचे किंवा कॉलेजच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे पत्र आणा. खालच्या मजल्यावरची किंवा ओल नसलेली खोली शक्य तितक्या लवकर देतो. "डॉक्टरांनी एकट्याची खोली सांगितली आहे" असे पत्र दर वर्षी येते. एकट्याची खोली आमच्याकडे नाहीच, तेव्हा त्या पत्राचा उपयोग होत नाही.

रूममेट रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवतो. एवढे कारण पुरे आहे का?

एवढ्यावर खोली बदलत नाही. आधी मजला प्रतिनिधीला सांगा. तो दोघांना बसवून काहीतरी ठरवून देतो: अकरानंतर मोठी ट्यूब बंद आणि टेबललॅम्प चालू, किंवा परीक्षेच्या दिवसांत एकाने वाचनकक्षात बसायचे. दोन-तीन आठवडे पाहा. तरीही जमत नसेल, तर अर्जात नेमके काय घडते ते लिहा. "स्वभाव जुळत नाही" या तीन शब्दांवर कोणालाच काही ठरवता येत नाही.

त्रास त्यापलीकडचा असेल तर?

धमकी, मारहाण, जातीवरून बोलणे, पैसे उकळणे, सीनियर्सनी कामे करायला लावणे हे खोलीबदलाचे विषय नाहीत, तेव्हा त्याचा अर्ज भरत बसू नका. रेक्टरना थेट भेटा किंवा फोन करा. त्याच दिवशी वेगळी व्यवस्था होते आणि तक्रार रॅगिंग प्रतिबंधक समितीकडे जाते. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. सामान उचलून जाण्याची वेळ तक्रार करणाऱ्यावर येऊ नये, याकडे आमचा कटाक्ष असतो.

याच विषयातला आणखी एक मुद्दा: प्रथम वर्षाच्या मुलाला सीनियर्सच्या इमारतीत गावच्या मित्राजवळ जाता येत नाही. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवायचे असते. दोघांची कितीही मैत्री असली, तरी या अर्जावर आम्ही "नाही" लिहितो.

आम्ही आपसात खोल्या बदलल्या, ऑफिसला सांगितले नाही. बिघडले काय?

सगळे सुरळीत चालले, तर काहीच नाही. पण समजा तुमचे नाव ११२ मध्ये आहे आणि तुम्ही राहता २०७ मध्ये. इकडे ११२ ची काच फुटली, तर तिचा वाटा तुमच्या अनामतीतून जाईल. रात्री तुम्हाला बरे नाही म्हणून घरच्यांनी फोन केला, तर वॉचमन ११२ चे दार वाजवेल. आणि हजेरीत तुम्ही गैरहजर लागाल. रीतसर अदलाबदलीत दोन्ही खोल्यांची ताबा पावती नव्याने होते. तेवढ्यासाठी तरी ऑफिसात या.

आई-वडील भेटायला आले, तर खोलीत येऊ शकतात का?

ताबा घेण्याच्या आणि खोली सोडण्याच्या दिवशी येऊ शकतात. एरवी सकाळी ९ ते रात्री ८ पर्यंत भेट कक्षात. गेटवरच्या वहीत नाव, फोन, कोणाला भेटायचे ते लिहायचे आणि ओळखपत्र दाखवायचे. मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहाला वेळ एकच आहे. आजारी मुलाला पाहायला आलेल्या आईला कोणी वहीपाशी अडवून ठेवत नाही. वॉचमनला सांगा, तो रेक्टरना फोन लावतो.

गावचा मित्र परीक्षेसाठी येतोय. एक रात्र माझ्या खोलीत राहिला तर चालेल?

हा आमच्याकडचा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. एमपीएससी, तलाठी भरती, पोलीस भरती यांचे केंद्र शहरात पडते, पहाटे पोहोचणारी गाडी नसते आणि लॉजचे पैसे परवडत नाहीत. खोलीत राहता येत नाही, पण मुलांच्या वसतिगृहात पाहुण्यांसाठी एक खोली आहे, चार कॉटची. आदल्या दिवशी दुपारपर्यंत अर्ज, मित्राच्या ओळखपत्राची आणि परीक्षेच्या प्रवेशपत्राची प्रत, रात्रीचे ५० रुपये. जास्तीत जास्त दोन रात्री. जेवण मेसच्या कूपनवर. मुलींच्या वसतिगृहात अशाच खोलीत आई, बहीण किंवा परीक्षेला आलेली मैत्रीण राहू शकते. आमच्या स्वतःच्या सत्र परीक्षा चालू असताना ही खोली बंद असते. अर्ज आला आणि कॉट रिकामी असली, तर आम्ही नाही म्हणत नाही. पण रात्री अकराला गेटवर उभ्या राहिलेल्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न वॉचमनवर टाकू नका.

"पॅरासाइट" पकडला गेला तर काय होते?

वसतिगृहात नाव नसताना कायमचा राहणारा, म्हणजे पॅरासाइट. हा बहुधा प्रतीक्षा यादीतला किंवा शिक्षण संपूनही स्पर्धा परीक्षेसाठी शहरात राहिलेला मुलगा असतो. त्याच्याबद्दल सहानुभूती आहे, पण दोन कॉटच्या खोलीत चौघे झोपले की पाणी, संडास, मेस सगळ्यांवर ताण येतो आणि आग किंवा अपघात झाला, तर आत कोण होते हेच कळत नाही. दंड होतो तो ज्याच्या खोलीत तो सापडला त्याला: पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पालकांना पत्र, दुसऱ्या वेळी जागा रद्द. तुमच्या रूममेटने कोणाला ठेवले असेल आणि तुम्हाला ते नको असेल, तर रेक्टरना सांगा; नाव बाहेर जात नाही.

अनामत आणि हॉस्टेल फी एकच ना?

नाही. फी परत मिळत नाही, अनामत परत मिळते. आमच्याकडे दोन अनामती आहेत: खोलीची ५,००० आणि मेसची ३,०००. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या आहेत. त्या जपून ठेवा. हरवल्या, तर वहीत नोंद शोधून रक्कम देता येते, पण त्यासाठी हमीपत्र लागते आणि वेळ जातो.

परतावा मिळवायची रीत काय?

खोली सोडण्याच्या किमान दोन दिवस आधी ऑफिसात सांगा, म्हणजे पाहणीची वेळ ठरते. सामान हलवून, झाडून घेतलेल्या खोलीत लिपिक आणि तुम्ही दोघे ताबा पावती घेऊन उभे राहता आणि एकेक वस्तू पाहता. किल्ली तिथेच द्यायची. मित्राकडे किल्ली ठेवून गावी गेलात, तर ताबा दिला असे होत नाही आणि दिवस मोजणेही सुरू होत नाही. मग मेस, वसतिगृह भांडार आणि ग्रंथालय यांच्या नो ड्यूजच्या सह्या, परताव्याचा अर्ज, मूळ पावत्या आणि पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत.

एका मुलाचा हिशेब असा झाला. एकूण अनामत ८,०००. शेवटच्या महिन्याची मेसची बाकी १,२६०. खोलीतली एक काच फुटली होती, कोणाकडून ते कोणी सांगेना. ९०० रुपयांचे तीन वाटे झाले, त्याचे ३००. कपाटाचे कुलूप १८०. कपात १,७४०, हातात ६,२६०. कपाटाच्या कुलपाबद्दल तो शेवटपर्यंत म्हणत होता की ते आधीच तुटलेले होते. असेलही. कागदावर "ठीक" होते.

भिंतीचा रंग गेला, त्याचेही पैसे कापता का?

नाही. वापराने होणारी झीज, म्हणजे फिका पडलेला रंग, ओलीने सुटलेला पोपडा, मळलेले टेबल, जुनी झालेली ट्यूब यांचे पैसे कापत नाही. खिळे ठोकून पाडलेली भोके, भिंतीवर लिहिलेला मजकूर, काढून नेलेला रेग्युलेटर यांचे कापतो. कपातीचा तपशील लेखी मागा. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि "किरकोळ दुरुस्ती" असे मोघम लिहून दिले, तर ते स्वीकारू नका.

पैसे किती दिवसांत येतात? तीन महिने झाले तरी आले नाहीत.

कागद पूर्ण असतील, तर ४५ दिवसांच्या आत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात. रोख किंवा वडिलांच्या खात्यात देत नाही. मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला लेखा विभाग वर्षअखेरीच्या कामात असतो, तेव्हा दोन आठवडे जास्त धरा.

त्यापेक्षा उशीर झाला, तर बहुतेक वेळा रक्कम आमच्याकडून गेलेली असते आणि बँकेतून परत आलेली असते. याची दोन कारणे नेहमीची. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्यात दोन वर्षे तुम्ही काहीच व्यवहार केला नाही, तर बँक ते निष्क्रिय करते. शाखेत जाऊन केवायसी पुन्हा करावी लागते. दुसरे म्हणजे बँकांचे विलीनीकरण. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. अशा वेळी जुन्या पासबुकावरचा आयएफएससी चालेलच असे नाही. नवीन पासबुक छापून घ्या आणि त्याचीच प्रत जोडा.

लेखा विभागात जाऊन "पैसे कधी येणार" असे विचारू नका. "माझ्या परताव्याचा यूटीआर क्रमांक द्या" असे विचारा. क्रमांक मिळाला, तर रक्कम गेली आहे आणि पुढचे तुमच्या शाखेत कळेल. क्रमांक नसेल, तर अर्ज अजून कोणाच्या तरी टेबलावर आहे; आवक क्रमांक सांगून कोणाच्या, ते शोधून घ्या. खोली सोडल्यापासून तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो.